शून्य नंबरच्या लेन्सला तपासणी कशाला?

दसऱ्याच्या सकाळी दवाखाना खरे तर बंद असतो. घरची शस्त्रपूजा आटोपून मी सोने वाटायला निघण्याच्या बेतात होते, तेवढ्यात दांडिया बाजारातल्या आमच्या जुन्या ओळखीच्या एक बाई आपल्या एकोणीस वर्षांच्या मुलीला घेऊन दारात आल्या. मुलीने उजव्या डोळ्यावर ओढणी दाबून धरली होती आणि जिन्यातला उजेडही तिला सहन होत नव्हता. आईचा पहिला प्रश्न असा होता : “अहो डॉक्टर, हिला नंबरच नाही. चष्मा नाही, काही नाही. त्या लेन्स नुसत्या रंगाच्या होत्या. मग नुसत्या रंगाने डोळ्याचं असं कसं होईल?”

बडोद्यात डोळ्यांची प्रॅक्टिस करताना नवरात्रीच्या आगेमागे हा प्रश्न मला वेगवेगळ्या शब्दांत दरवर्षी ऐकू येतो. चणियाचोळी, ऑक्सिडाइज्डचे दागिने, टिकल्या आणि त्याच काउंटरवर राखाडी, निळ्या, मधाळ रंगाच्या लेन्सच्या जोड्या. विकणारा नंबर विचारत नाही आणि घेणारीला तो नसतोच, तेव्हा डॉक्टरची चिठ्ठी हवीच कशाला, असे दोघांनाही मनापासून वाटते. या समजुतीत नेमकी चूक कुठे आहे, ते या मुलीच्या डोळ्याच्या आधाराने सांगण्याचा हा प्रयत्न आहे. तिची ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत. आजार मात्र होता तसाच सांगते.

लेन्सचा नंबर म्हणजे तिची पॉवर. ती शून्य असली म्हणजे लेन्स दूरचे किंवा जवळचे दिसणे बदलणार नाही, एवढाच त्याचा अर्थ. पण लेन्सला पॉवरखेरीज आणखी दोन मापे असतात. तिच्या आतल्या बाजूचा बाक किती आहे, त्याला बेस कर्व्ह म्हणतात, आणि ती आडवी किती रुंद आहे, तो तिचा डायमीटर. मऊ लेन्सचा बेस कर्व्ह साधारण ८.३ ते ८.९ मिलिमीटर आणि डायमीटर १४ मिलिमीटरच्या आसपास असतो. ही मापे डोळ्याशी जुळली नाहीत तर लेन्स एक तर सैल पडून प्रत्येक उघडझापेला घसरते, नाही तर घट्ट बसून हलतच नाही. चपलेचा रंग आवडला म्हणून नंबर न विचारता ती कोणी घेत नाही. इथे मात्र केवळ रंग विचारून घेतली जाते.

लेन्स जिथे बसते ती जागा

लेन्स बुबुळावर बसते असे आपण म्हणतो, पण बुबुळाचा रंगीत पडदा आत असतो. त्याच्यापुढे घड्याळाच्या काचेसारखे एक पारदर्शक आवरण असते, ते म्हणजे कॉर्निया. लेन्स त्याच्यावर, अश्रूंच्या पातळ थरावर तरंगते. कॉर्निया मध्यभागी जेमतेम अर्धा मिलिमीटर जाड असतो आणि त्यातली सर्वांत वरची, पेशींची पाच-सहा थरांची त्वचा त्या जाडीच्या एक दशांश एवढीच असते. डोळ्याचा कोट म्हणा, तटबंदी म्हणा, ती एवढीच. ती शाबूत असेपर्यंत बहुतेक जंतूंना आत शिरता येत नाही. ती फाटली की खालचा मऊ गाभा उघडा पडतो.

कॉर्नियाला आरपार दिसायचे असते म्हणून त्यात रक्तवाहिन्या नसतात. त्याचा परिणाम असा की त्याला लागणारा प्राणवायू रक्तातून येत नाही. तो थेट समोरच्या हवेतून, अश्रूंत विरघळून येतो. लेन्स घातली की मधे एक झाकण आले. आज डोळ्यांचे डॉक्टर रोजच्या वापराला देतात त्या सिलिकॉन हायड्रोजेलच्या लेन्समधून प्राणवायू भरपूर जातो, पण स्वस्त रंगीत लेन्स बहुधा हेमा नावाच्या जुन्या प्लास्टिकच्या असतात आणि त्यातून तो फारच कमी झिरपतो. शिवाय रंगाचा थर द्यायचा म्हणून त्या पुष्कळदा जाडही असतात. सहा-सात तास अशी लेन्स डोळ्यांत राहिली की कॉर्निया किंचित सुजतो, त्याच्या वरच्या पेशींची पकड ढिली होते आणि गरब्याहून परतताना दिव्यांभोवती इंद्रधनुष्यासारखी वलये दिसू लागतात. ही वलये दिव्यांची नसून डोळ्याला आलेल्या सुजेची असतात. डोळे मिटून झोपल्यावर तर हवाही तुटते आणि पापणीच्या आतल्या बाजूकडून मिळणारा थोडासा प्राणवायू लेन्सच्या पलीकडेच अडतो.

आता रंगाविषयी. चांगल्या बनावटीच्या लेन्समध्ये रंगाचे ठिपके प्लास्टिकच्या दोन थरांत कोंडलेले असतात, त्यामुळे ते डोळ्याला लागत नाहीत. काहींमध्ये मात्र रंग पृष्ठभागावरच छापलेला असतो, कधी बाहेरच्या बाजूला, कधी कॉर्नियाला टेकणाऱ्या बाजूला. सूक्ष्मदर्शकाखाली अशा लेन्सचा पृष्ठभाग रंगाच्या जागी खडबडीत दिसतो आणि त्या खाचाखोचांत जंतूंना चिकटून राहायला गुळगुळीत जागेपेक्षा सोपे जाते. ओल्या कापसाच्या काडीने हलके घासल्यावर काही लेन्सचा रंग कापसावर उतरतो. या मुलीने डबीत घालून आणलेल्या डाव्या डोळ्याच्या लेन्सवर मी तसे करून पाहिले, तेव्हा कापसावर राखाडी रेघ उमटली. ही परीक्षा घरी करून लेन्स वापरायची की नाही ते ठरवू नये, कारण रंग उतरला नाही म्हणून मापे बरोबर ठरत नाहीत. पण आईला ती रेघ दाखवल्यावर ‘नुसता रंग’ हे शब्द त्यांनी पुन्हा उच्चारले नाहीत.

आणखी एक गोष्ट जाता जाता सांगते. रंगीत लेन्सच्या मध्यभागी बाहुलीपुरती जागा रंगाविना ठेवलेली असते. तरुण डोळ्यांची बाहुली अंधारात त्या जागेपेक्षा मोठी होते, म्हणून मध्यरात्री स्कूटर चालवत घरी येताना समोर धुरकट दिसते. त्याने डोळा बिघडत नाही, पण अपघात होऊ शकतो.

सातव्या माळेची रात्र

मुलीने मला जे सांगितले ते क्रमाने असे. लेन्सची जोडी तिने पाचव्या माळेला पहिल्यांदा घातली. सोबत एक छोटी बाटली मिळाली होती. तिच्यावर ना कंपनीचे नाव होते ना मुदतीची तारीख. दुसऱ्या दिवशी मावसबहिणीने तीच जोडी ‘फोटोपुरती’ घालून पाहिली. सहाव्या माळेला बाटली संपली, म्हणून दोघींनी लेन्स बेसिनच्या नळाखाली धुतल्या आणि डबीतही तेच पाणी भरले. सातव्या माळेला मैदानात धूळ होती, काजळ आणि चमकी घामाबरोबर उतरत होती, डोळा चुरचुरत होता आणि तिने तो दोन-चार वेळा चोळला. रात्री एकच्या सुमारास घरी येऊन लेन्स काढायला गेली तर उजवी लेन्स निघेचना. सणासाठी वाढवलेल्या नखांनी तिने ती चिमटीत धरून ओढली.

लेन्स का निघाली नाही, हे समजणे महत्त्वाचे आहे, कारण सगळ्या गोष्टीचा सांधा तिथे आहे. अश्रूंमध्ये थोडे मीठ असते. नळाच्या पाण्यात त्या मानाने ते नसल्यासारखेच. मऊ लेन्स म्हणजे पाणी शोषून बसलेले प्लास्टिक. ती साध्या पाण्यात भिजवून डोळ्यांत घातली की तिचा आकार आणि बाक बदलतो आणि ती कॉर्नियाला घट्ट चिकटते. त्यात रात्रीचा कोरडेपणा. उघडझापेबरोबर लेन्स किंचित, म्हणजे मिलिमीटरच्या पाव-अर्ध्या हिश्शाएवढी, सरकली पाहिजे. तिच्याखालचे जुने अश्रू, मेलेल्या पेशी आणि धूळ त्या हालचालीनेच बाहेर पडतात. ती चिकटली की हे सगळे खाली अडकून पडते. अशा लेन्सला ओढले तर ती एकटी येत नाही. आधीच ढिली झालेली कॉर्नियाची त्वचा सोबत घेऊन येते. म्हणजे ज्या पाण्यातून पुढे जंतू आले, त्याच पाण्याने त्यांना दारही उघडून दिले.

अशा वेळी करायचे एवढेच असते की लेन्ससाठीच्या वंगणाच्या थेंबांपैकी किंवा निर्जंतुक सलाइनपैकी चार-पाच थेंब डोळ्यांत टाकावेत, डोळा मिटून पाच मिनिटे बसावे, पुन्हा थेंब टाकावेत, आणि बोटाच्या पेराने ढकलल्यावर लेन्स मोकळी सरकते आहे असे कळल्यावरच तिला खाली पांढऱ्या भागावर आणून पेरांनीच चिमटीत धरावे. नख कुठेही येता कामा नये. अर्ध्या तासानेही सरकली नाही तर तसेच डॉक्टरकडे जावे. मध्यरात्र असेल तर मोठ्या सरकारी रुग्णालयाच्या तातडीच्या विभागात जावे.

लेन्स निघाली आणि दुसऱ्याच क्षणी डोळ्यात काच गेल्यासारखी कळ उठली. मग तिने जे केले ते ऐकायला चमत्कारिक वाटेल, पण ते मी इतक्या जणांकडून ऐकले आहे की आता आपणहून विचारते : तिने लेन्स पुन्हा घातली, कारण घातल्यावर बरे वाटले. तसे बरे वाटणारच. कॉर्नियात शरीरातल्या कुठल्याही जागेपेक्षा दाट मज्जातंतू असतात. ओरखडा उठला की ते उघडे पडतात आणि प्रत्येक उघडझापेला पापणी त्यांच्यावरून घासते. लेन्स मधे आली की पट्टी बांधल्यासारखे होते आणि घासणे थांबते. म्हणून लेन्स डोळ्यांत असेपर्यंत ओरखडा कळतच नाही आणि ती काढल्यावर दुखू लागते. लेन्स काढल्यावर वाढणारे दुखणे हे ओरखड्याचे लक्षण समजावे. लेन्स पुन्हा घालून मिळालेला आराम म्हणजे उघड्या जखमेवर जंतूंनी माखलेली पट्टी. ती तशीच झोपली.

झोपेत लेन्स राहिल्याने काय फरक पडतो, याचे जुने मोजमाप उपलब्ध आहे. अमेरिकेच्या न्यू इंग्लंड भागात केलेला आणि १९८९ साली प्रसिद्ध झालेला एक अभ्यास आहे. त्यात रात्री काढून ठेवायच्या मऊ लेन्स वापरणाऱ्या १०,००० जणांमागे वर्षाला सुमारे ४ जणांच्या कॉर्नियात जंतूंचा व्रण झाला, तर झोपेतही ठेवायच्या लेन्स वापरणाऱ्यांत तो सुमारे २१ जणांना झाला. हे आकडे मोजमाप घेऊन, शिकवून दिलेल्या लेन्सचे आहेत. नळाच्या पाण्यात धुतलेल्या, दोघींनी वापरलेल्या लेन्ससाठी ते लागू नाहीत. त्यांचा धोका यापेक्षा कमी नक्कीच नसणार.

आजव्याचे पाणी आणि डोळा

“आजव्याचं पाणी आम्ही जन्मभर पितोय,” असे आई म्हणाल्या. खरे आहे. महाराज सयाजीरावांच्या काळापासून हे शहर आजवा सरोवराचे पाणी पीत आले आहे आणि आता त्यात महीचेही आले. पिण्याच्या दृष्टीने त्याला नावे ठेवायचे कारण नाही. पोटात आम्ल असते, आतड्यांची स्वतःची बंदोबस्ताची व्यवस्था असते. कॉर्नियाच्या गाभ्यात रक्तवाहिन्या नसल्यामुळे संरक्षणाच्या पेशींना तिथे पोचायला वेळ लागतो, आणि क्लोरिन घातलेल्या पाण्यातही, विशेषतः गच्चीवरच्या टाकीच्या आणि नळाच्या आतल्या बुळबुळीत थरात, काही जंतू सुखाने राहतात.

त्यांतले दोन इथे महत्त्वाचे. पहिला स्यूडोमोनास. हा ओलसर जागी सगळीकडे सापडणारा जीवाणू लेन्सवर आणि डबीच्या तळाशी चिकट थर करून बसतो. शाबूत कॉर्नियाला तो सहसा काही करू शकत नाही. ओरखडा मिळाला तर एक-दोन दिवसांत व्रण करतो. तो गाभा विरघळवणारे पाचक रस सोडतो, म्हणून त्याच्या व्रणाला कडा विरघळल्यासारख्या, मधे मऊ लिबलिबीत आणि वर हिरवट-पिवळा स्राव असतो. वेळीच अडवला नाही तर काही दिवसांतच कॉर्नियाला भोक पडू शकते. दुसरा अकँथअमिबा, एकपेशीय प्राणी. तो कवच करून बसला की नळातले क्लोरिन त्याचे काही बिघडवत नाही. तो विरळा आहे आणि संथ आहे. डोळा दिसतो त्या मानाने दुखणे फारच भयंकर असते आणि उपचार आठवडे नाही, महिने चालतो. उकळलेल्या पाण्यात मीठ घालून घरी ‘सलाइन’ करणारेही याच कारणाने सापडतात. आपल्याकडे बुरशीचा व्रणही पुष्कळ दिसतो आणि तो जीवाणूंच्या औषधाला दाद देत नाही. म्हणूनच नुसते पाहून थेंब लिहून देण्यापेक्षा व्रण खरवडून तपासायला पाठवावा लागतो.

अष्टमीच्या सकाळी मुलीचा डोळा लाल होता, पाणी गळत होते, उजेड सोसत नव्हता. तिने लेन्स काढली आणि औषधाच्या दुकानातून लाल डोळ्याचे थेंब आणले. बाटली मी पाहिली : प्रतिजैविक आणि स्टेरॉइड यांचे मिश्रण. हे चिठ्ठीशिवाय देऊ नये असे औषध आहे, तरी ते मिळते, कारण त्याने लाली लवकर उतरते आणि गिऱ्हाईक खूश होते. इथेही संध्याकाळपर्यंत लाली थोडी उतरली आणि घरच्यांना हायसे वाटले. स्टेरॉइड शरीराची प्रतिकाराची फौज मागे घेते. लाली ही त्या फौजेचीच खूण असते, म्हणून ती उतरते. जंतूला मैदान मोकळे होते. बाटलीतले प्रतिजैविक या जंतूला पुरे पडले नाही. नवमीच्या दुपारनंतर दुखणे परतले आणि रात्री ती मुलगी झोपू शकली नाही.

साधा ओरखडा आणि व्रण यांत फरक कसा ओळखावा, हे इथे सांगायला हवे. साधा ओरखडा पहिल्या रात्री भयंकर दुखतो, पण शेजारच्या पेशी सरकत येऊन जागा झाकतात, त्यामुळे दर काही तासांनी दुखणे कमी होत जाते आणि एक ते तीन दिवसांत संपते. व्रणाचे दुखणे उलट दिशेने जाते : लेन्स काढून बारा तास झाले तरी ते तेवढेच असते किंवा वाढते, नजर धूसर होते, उजेड टोचतो, स्राव घट्ट होतो. आरशात पाहिल्यावर काळ्या भागावर पांढरा किंवा राखाडी ठिपका दिसला तर तो व्रणच समजावा. मात्र ठिपका दिसेपर्यंत थांबू नये, कारण सुरुवातीला तो टाचणीच्या टोकाएवढा असतो आणि घरच्या आरशात दिसत नाही. लेन्स वापरणाऱ्याचा डोळा दुखत असून लाल असेल तर तो त्याच दिवशी स्लिट लॅम्पखाली, म्हणजे डोळे तपासायच्या सूक्ष्मदर्शकाखाली, पाहिला गेला पाहिजे. आम्ही नारिंगी रंगाची कागदी पट्टी अश्रूंना टेकवतो आणि निळ्या उजेडात पाहतो. जिथे त्वचा फाटली आहे तिथे रंग हिरवा चमकतो. हिरव्या डागाखालचा कॉर्निया आरपार असेल तर ओरखडा, पांढरट गढूळ असेल तर व्रण. दोन मिनिटांचे काम आहे.

तोवर घरी काय करावे? लेन्स काढून डबीसकट जपून ठेवावी आणि सोबत आणावी, कारण तीही तपासता येते. डोळ्यावर पट्टी बांधू नये. लेन्सच्या ओरखड्यावर पट्टी बांधली की उबेत आणि अंधारात स्यूडोमोनासची चंगळ होते. गुलाबपाणी, मध, तूप यांतले काही घालू नये. आणि उरलेले जुने थेंब, ते कोणाचेही असोत, वापरू नयेत.

पुढे काय झाले

दसऱ्याच्या सकाळी त्या डोळ्याची नजर ६/६० होती. म्हणजे निरोगी डोळ्याला ६० मीटरवरून दिसणारे मोठे अक्षर तिला ६ मीटरवर आल्याशिवाय वाचता येत नव्हते. कॉर्नियाच्या मध्यापासून थोडा खाली सुमारे ३ मिलिमीटरचा व्रण होता आणि त्याच्यामागे, कॉर्निया व बुबुळ यांच्यामधल्या जागेत, तळाशी पुवाची एक मिलिमीटर उंचीची आडवी रेघ साचली होती. मी भुलीचे थेंब टाकून व्रणाच्या कडा खरवडल्या आणि नमुने प्रयोगशाळेत पाठवले. त्याच दिवशी काचपट्टीवर गुलाबी काड्यांसारखे जीवाणू दिसले, बुरशी दिसली नाही. दोन दिवसांनी आलेल्या अहवालात स्यूडोमोनास होता. तोच डबीतल्या पाण्यातही उगवला. तो कोणत्या औषधांना दाद देतो, ते अहवालात लिहिलेले असते, आणि त्यावरून एक थेंब बदलावा लागला.

पहिले अठ्ठेचाळीस तास दर तासाला दोन प्रकारचे थेंब, दिवसा आणि रात्रीही. हे वाचायला सोपे आहे. आई आणि मावशी आळीपाळीने गजर लावून बसत होत्या. हे थेंब नेहमीच्या बाटलीतल्यापेक्षा तीव्र, मुद्दाम तयार केलेले असतात; ते फ्रिजमध्ये ठेवावे लागतात आणि डोळ्यांत पडले की झोंबतात. तिसऱ्या दिवशी पुवाची रेघ पुसट झाली, पाचव्या दिवशी व्रणाच्या कडा आत सरकू लागल्या, आणि कोजागरी होऊन गेल्यावर कुठे तिला रात्रीची सलग झोप मिळाली. त्वचा पूर्ण भरायला तीन आठवड्यांहून थोडा अधिक काळ लागला.

त्वचा भरते, पण गाभ्याला झालेली जखम भरताना तिचे तंतू पहिल्यासारखे एका ओळीत बसत नाहीत आणि त्या जागी पांढुरका डाग उरतो. जुन्या बायका त्याला डोळ्यात फूल पडले म्हणत. फूल अगदी मध्यावर असते तर कॉर्निया बदलण्याचा विचार करावा लागला असता. हिचे थोडे खाली होते, तरी त्याच्या ओढीने कॉर्नियाचा बाक वेडावाकडा झाला होता आणि चष्मा लावूनही नजर ६/१८च्या पुढे गेली नाही, कारण चष्म्याची काच नियमित बाक दुरुस्त करते, असला वेडावाकडा नाही.

ज्यांना सण-समारंभाला रंगीत लेन्स घालायच्याच आहेत, त्यांच्यासाठी तपासणीत नेमके काय होते तेही सांगते. कॉर्नियाचा बाक यंत्रावर मोजला जातो, त्याची रुंदी पाहिली जाते, पापणी उलटून आत अ‍ॅलर्जीचे फोड आहेत का आणि अश्रू किती वेळ टिकतात, हे पाहिले जाते. मग चाचणीची लेन्स घालून वीसेक मिनिटांनी ती उघडझापेला सरकते की नाही ते स्लिट लॅम्पखाली बघतात. शेवटी घालायला-काढायला स्वतःच्या हाताने शिकवतात, आणि ते जमेपर्यंत लेन्स घरी देत नाहीत. चिठ्ठीवर लेन्सचे नाव, बेस कर्व्ह, डायमीटर, पॉवर ०.०० आणि किती दिवसांनी फेकायची, हे पाचही लिहिलेले हवे. या सगळ्याला पाऊण तास लागतो. नऊ दिवसांपुरत्याच घालायच्या असतील तर एकदा घालून फेकायच्या रंगीत लेन्स सर्वांत बऱ्या, कारण मग डबी, धुणे आणि पाणी हा प्रश्नच उरत नाही. पाकिटावर बनवणाऱ्याचे नाव, मुदत आणि परवाना क्रमांक नसेल तर ते घेऊ नये. अमेरिकेत २००५पासून शून्य नंबरची रंगीत लेन्सही कायद्याने वैद्यकीय साधनच ठरली असून चिठ्ठीशिवाय विकता येत नाही. आपल्याकडेही २०२० पासून सर्व वैद्यकीय साधने औषध कायद्याच्या कक्षेत आली आहेत. मात्र कायद्याचा हात दागिन्यांच्या काउंटरपर्यंत पोचल्याचे मला अजून दिसलेले नाही.

चार महिन्यांनी, डाग स्थिरावल्यावर, या मुलीला मी कडक लेन्स बसवून पाहिली. तिच्या पुढचा पृष्ठभाग एकसारखा गोल असतो आणि तिच्यामागची वाकडीतिकडी जागा अश्रूंनी भरून निघते, म्हणून चष्म्याने जमले नाही ते तिने जमते. नजर ६/९ झाली. कॉर्नियाचा नकाशा काढून, तीन वेळा माप बदलून ती लेन्स बसली होती. काढायची कशी ते शिकवण्यासाठी मी दुसऱ्या दिवशी तिला पुन्हा बोलावले. मी खोलीत आले तेव्हा ती बेसिनपाशी उभी होती. नखे कापलेली, हात साबणाने धुतलेले, आणि धागे न सुटणाऱ्या कागदी रुमालाने एकेक बोट ती कोरडे करत होती.